टेबलावरची आत्याची जागा

आमच्या आत्याला नक्कल येत नाही. ती कुणाचंही बोलणं सांगायला लागली की मालक, मिस्त्री, फोनवाली सगळे एकाच सुरात बोलतात. आख्ख्या कंपनीला एकदम सर्दी झाल्यासारखे. म्हणून रविवारी ती जेवायला आली की शब्द तिचे आणि आवाज माझे, अशी आमची वाटणी आहे. बाबा म्हणतात, "बहीण माझी, पण बोलायला तिला तूच लागतेस." ते खरं आहे. तिच्या घरी बोलायला कुणीच नाही. दोन खोल्या, एक खिडकी, आणि रेडिओ, जो ती भाजी चिरताना लावते आणि भाजी चिरून झाली की बंद करते.

आत्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. ती स्वतः लिफ्ट दुरुस्त करत नाही. ती माणसं बघते. कुणाला घ्यायचं, कुणाची रजा, कुणाच्या वर्षभराच्या कामावर काय शेरा. लग्न केलं नाही, का केलं नाही हे आमच्याकडे कुणी विचारत नाही, कारण एकदा आजीनं विचारलं होतं आणि आत्या तीन रविवार आली नव्हती.

पण तिची माणसं होती. कंपनीच्या मागच्या हॉलमध्ये एक लांब टेबल आहे, पत्र्याचं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. रोज सकाळी फेरीवर निघण्याआधी सगळे मेकॅनिक तिथे चहाला बसतात. कोणत्या इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावर का अडते, कोणतं दार ओढून नाही तर उचलून बंद करावं लागतं, हे सगळं तिथेच एकमेकांच्या कानावर जातं. लिहिलेलं कुठेही नाही. टेबलाच्या टोकाला थोरले मिस्त्री, त्यांच्या शेजारी गोगलगाय नावाचा मेकॅनिक (हळू चालतो म्हणून नाही, सांगतो तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगतो म्हणून), आणि मधोमध, खांबाला पाठ लावून, आत्या. ती जागा तिची होती. तिच्या रजेच्या दिवशीसुद्धा तिथे कुणी बसत नसे. हे तिला गोगलगायीनं सांगितलं होतं आणि तिनं आम्हाला निदान दहा वेळा.

थोरल्या मिस्त्रींचा आवाज काढायला सोपा. हनुवटी खाली, घसा थोडा बसवायचा, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "खोटं कशाला बोलू" लावायचं. "खोटं कशाला बोलू ताई, ती लिफ्ट नाही, ती सासू आहे. वर जाते तेव्हा कुरकुरते, खाली येते तेव्हा आपटते." आत्या हसून ताटावरून उठायची.

मग गेल्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन व्हायचं ठरलं. आत्याची कंपनी धाकटी आणि ती दुसरी थोरली. दोन जावांना एका चुलीवर आणलं, असं आजी म्हणाली, आणि या सगळ्यात तिचंच वाक्य लोकांना नीट समजलं.

थोरलीत सगळं उलटं. तिथे हॉल नाही, टेबल नाही. मेकॅनिकच्या फोनवर सकाळी काम येतं, तो घरूनच गाडी काढून थेट इमारतीवर जातो, काम संपलं की फोनवर खूण करतो, पुढचं काम येतं. काहीही बदलायचं असेल तर वरून मंजुरी. धाकटीत मंजुरी म्हणजे मालकांनी जिन्यात भेटून "कर रे" म्हणणं.

नव्या एकत्र कंपनीचा आराखडा आला, त्यात एक ओळ अशी होती की पुढच्या तिमाहीपासून धाकटीचे मेकॅनिकही घरूनच थेट कामावर जातील आणि मागचा हॉल सुट्या भागांच्या गोदामाला जाईल. म्हणजे टेबल बंद. त्याआधी दोन्ही कंपन्यांची घडी एकमेकींत बसते का, याची पाहणी करायची होती. थोरलीकडून एक गृहस्थ आले, धाकटीकडून आत्याला नेमलं. आत्याला वाटलं, देवच पावला. टेबल वाचवायचं असेल तर आता तेही तिच्याच हातात होतं.

ते गृहस्थ बोलताना हवेत बोटानं चौकटी काढायचे. मेकॅनिकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव चौकटराव ठेवलं. त्यांचा आवाज म्हणजे बँकेतल्या रांगेतला, मऊ आणि थकलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर?" "कंपनी म्हणजे सात गोष्टी, बरोबर? धोरण, रचना आणि कार्यपद्धती, या तीन कागदावर दिसतात. माणसं, कौशल्यं आणि वागण्याची शैली, या तीन कागदावर दिसत नाहीत. आणि मध्ये, सगळ्यांना धरून, सामायिक मूल्यं. एक हलवलं की बाकीची हलतात. बरोबर?" पांढऱ्या फळ्यावर सहा गोल आणि मध्ये सातवा, प्रत्येकातून प्रत्येकाकडे रेघा. आत्या म्हणाली, "कोळ्याचं जाळं दिसतंय." चौकटराव म्हणाले, "तेच आहे. कुठे धरलं की कुठे हलतं, तेच बघायचंय."

आत्यानं घरी बसून पहिला तक्ता केला. एका बाजूला धाकटी, एका बाजूला थोरली, सातही ओळी, आणि हिरवा, पिवळा, लाल. धाकटीच्या बाजूला हिरवळच हिरवळ. थोरलीच्या बाजूला दुष्काळ. शेवटी निष्कर्ष: संस्कृती जुळत नाहीत, धाकटीची पद्धत राखावी.

चौकटरावांनी तो चष्मा कपाळावर चढवून वाचला. "मॅडम, हे छान आहे. पण हा स्थळ बघण्याचा तक्ता झाला. मुलगा गोरा, मुलगी सावळी. दोघी सारख्या आहेत का हा आपला प्रश्नच नाही. थोरलीत फोन, एकट्याचं काम, वरून मंजुरी, हे सगळं एकमेकांना धरून आहे. तुमच्याकडे टेबल, गप्पा, जिन्यातली मंजुरी, तेही एकमेकांना धरून आहे. दोन्ही घरं आपापल्या जागी उभी आहेत. प्रश्न नव्या घराचा आहे. त्याच्या सात गोष्टी एकमेकींना धरतात का? बरोबर?"

आत्याला राग आला. पण राग आला की ती काम नीट करते, हा आमच्या घराण्याचा गुण आहे, बाबा सोडून.

तिनं नव्या कंपनीची सात वर्तुळं मांडली. धोरण: जुन्या इमारतींतल्या लिफ्ट पहिल्याच फेरीत दुरुस्त करून द्यायच्या. थोरलीनं धाकटीला घेतलं तेच यासाठी, कारण जुन्या लिफ्टची माहिती धाकटीकडे होती. कौशल्यं: ती माहिती मेकॅनिकांच्या तोंडात. कार्यपद्धती: फोनवरून काम, घरून थेट. आणि ती माहिती एका तोंडातून दुसऱ्या कानात जाते कुठे, तर टेबलावर, आणि टेबल तर आराखड्यानं काढून टाकलेलं. धोरण धाकटीचं घेतलं आणि पद्धत थोरलीची. पद्धतीनं कौशल्याचा गळा धरला आणि कौशल्याशिवाय धोरण लंगडं. तिनं पद्धत आणि कौशल्य यांच्यामधली रेघ लाल केली, तिथून धोरणापर्यंतची लाल केली, आणि पहिल्यांदाच चौकटराव "बरोबर?" न म्हणता नुसतं "बरोबर" म्हणाले.

"म्हणजे टेबल राहणार," आत्या म्हणाली.

"अजून शैलीचं वर्तुळ आहे," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंय: लोक मोकळेपणानं बोलतात, चुका लपवत नाहीत. हिरवा. पुरावा?"

"मी रोज तिथे बसते."

"हो, पण पुरावा?"

नियम त्यांनी असा घातला की आपापल्या कंपनीच्या मुलाखती कुणी घ्यायच्या नाहीत. घरच्या माणसाला घरचं कुणी खरं सांगत नाही. धाकटीच्या मुलाखती चौकटराव घेणार, थोरलीच्या आत्या. नावं गुप्त.

आत्या थोरलीच्या मेकॅनिकांना भेटत फिरली. त्यांना भेटायचं म्हणजे त्यांच्या गाडीतच. एकानं पुढच्या सीटवरचा डबा उचलून तिला जागा केली आणि म्हणाला, "बसा. इथे माणूस बसल्याला बरेच दिवस झाले." तो बोलत होता तेव्हा फोन दोनदा वाजला. त्यानं तो उचलला नाही, नुसता मांडीखाली सरकवला. सोबतच्या मेकॅनिकांची नावं विचारली तर त्याला नंबर येत होते. "एक्केचाळीस चांगला आहे. कधी पाहिला नाही, पण त्यानं केलेल्या कामावर पुन्हा तक्रार येत नाही." आत्यानं हे आम्हाला सांगितलं तेव्हा मी त्याचा आवाज काढून बघितला, पण ती म्हणाली, नको, तो असा नाही बोलत. तो फार वेळानं बोलायला लागलेल्या माणसासारखा बोलतो.

मग तिला कळलं की थोरलीचे काही मेकॅनिक पेट्रोल पंपामागे गाड्या लावून थोडा वेळ उभे राहतात. कागदावर कुठेही नाही. अडलेलं काम एकमेकांना विचारायला. म्हणजे थोरलीतही टेबल होतंच, फक्त त्याला पाय नव्हते. आत्या तिकडे मुद्दाम गेली. ती गाडीतून उतरल्याबरोबर एकानं फोन काढला, एकानं टायर लाथेनं तपासला, आणि बघता बघता गाड्या पांगल्या. गळ्यातलं ओळखपत्र काढायचं ती विसरली होती. पंपावरचा माणूस म्हणाला, "साहेब लोक आले की हे असंच. चिमण्या कशा उडतात."

"मी काय साहेब आहे?" आत्या म्हणाली.

पंपवाल्यानं नम्रपणे तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं.

दुसऱ्या आठवड्यात चौकटराव तिच्या खोलीत आले. खुर्ची ओढून बसले, फळ्याकडे गेले नाहीत. बोटं हवेत नव्हती, गुडघ्यांवर होती. हे आत्याला नंतर आठवलं.

"नावं सांगणार नाही," ते म्हणाले.

"सांगू नका."

"शैलीचं वर्तुळ हिरवं नाही. म्हणजे आहे, पण अर्धं. लोक चुका सांगतात. खरंच सांगतात, फार चांगल्या सांगतात. काल मी दाराचा स्विच उलटा लावला आणि वेळेवर लक्षात आलं, असलंही सांगतात. हे दुसऱ्या कंपन्यांत मी ऐकलेलं नाही. पण केव्हा, तर तुम्ही उठल्यावर."

आत्यानं समोरचा तक्ता उलटा करून ठेवला.

"जवळजवळ सगळ्यांनी तेच सांगितलं. एक जण म्हणाले, खोटं कशाला बोलू, ताई उठल्या की खरं टेबल सुरू होतं. ताई फार चांगल्या आहेत, पण वर्षाचा शेरा त्यांच्या हातात आहे ना. त्या असतात तोवर आम्ही सासू-सुनेचे विनोद करतो."

नाव न सांगण्याचा नियम चौकटरावांनी पाळला होता. त्यांना काय ठाऊक की सांगितलेल्यातल्या पहिल्या तीन शब्दांना नाव, गाव, हनुवटी सगळं होतं.

"माझी जागा रिकामी ठेवतात रजेच्या दिवशी," आत्या म्हणाली. ते तिनं का म्हटलं, तिलाच कळलं नाही.

"हो. त्याबद्दलही सांगितलं एकांनी," चौकटराव म्हणाले, आणि पुढे काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही. आत्यानंही विचारलं नाही.

त्या रविवारी ती आली तेव्हा मी आपली नेहमीप्रमाणे हनुवटी खाली घेऊन सुरू झाले. "खोटं कशाला बोलू ताई..." तिनं घास तसाच धरला. आई मला टेबलाखालून पाय मारत होती, पण उशीर झाला होता. आत्या म्हणाली, "हुबेहूब करतेस गं," आणि पाणी प्यायली. मग पानावर बसल्या बसल्याच तिनं सगळं सांगितलं. कुणाचाही आवाज न काढता सांगितलं, आणि पहिल्यांदाच मला प्रत्येक माणूस वेगळा ऐकू आला.

बाबा म्हणाले, "लिहू नकोस ते. कोण बघायला जातंय? टेबल वाचवायचंय ना, मग लिही, मोकळेपणा उत्तम. वाचलं टेबल."

"वाचेल. पण मी बसलेलं टेबल वाचेल," आत्या म्हणाली. "विनोदांचं. आणि थोरलीचे पंपामागचे लोक त्या टेबलावर येणारच नाहीत. त्यांना मी दिसले की ते टायर तपासतात."

"मग?"

"मग काही नाही. वाढ भात."

बैठक मालकांच्या खोलीत झाली. धाकटीचे मालक, थोरलीचे मोठे साहेब, चौकटराव, आत्या. मोठ्या साहेबांचा आवाज आत्याला वर्णन करता आला नाही, म्हणून माझ्याकडे तो नाही. ती इतकंच म्हणाली की ते ऐकताना पेन उघडतात आणि ऐकून झालं की बंद करतात, त्यामुळे माणूस त्यांच्या पेनाशीच बोलतो.

आत्यानं सात वर्तुळं भिंतीवर दाखवली. लाल रेघ दाखवली, पद्धतीपासून कौशल्यापर्यंत, तिथून धोरणापर्यंत. मग पेट्रोल पंप सांगितला. मोठ्या साहेबांनी पेन उघडंच ठेवलं.

"म्हणजे तुम्ही म्हणता, हॉल गोदामाला देऊ नये."

"देऊ नये. दोन्ही कंपन्यांच्या मेकॅनिकांनी भागवार, फेरीआधी, तिथे एकत्र बसावं. त्यातलं पुढे उपयोगी पडेल ते आळीपाळीनं त्यांच्यातल्याच एकानं फोनवर नोंदवावं, म्हणजे माहिती फक्त तोंडात राहणार नाही. तुमची पद्धतही राहील. माहिती मात्र त्या पद्धतीत टेबलावरून जाईल."

"आणि त्यावर देखरेख कोणाची?"

"कुणाचीच नाही." आत्याच्या हातात कागद होता, पण ती त्यात बघत नव्हती. "शेरा देणाऱ्यांपैकी कुणीही तिथे बसू नये. पर्यवेक्षकांनी नाही, आम्ही माणसं बघणाऱ्यांनीही नाही. तिथे बोललेलं कुणाच्या शेऱ्यात येणार नाही, हे लेखी द्यावं. नाहीतर शैली हिरवी होणार नाही, आणि ती नाही झाली तर हे सगळं पुन्हा लाल. पुरावा आहे आमच्याकडे."

मालक मागे टेकले. त्यांना आत्या वर्षानुवर्षं त्या टेबलाच्या मधोमध बसलेली माहीत होती. "अगं, मग तू कुठे बसणार?"

"माझ्या खोलीत," आत्या म्हणाली. "खोली आहे ना मला."

मालक हसले. मोठे साहेब हसले नाहीत, त्यांनी पेन बंद केलं. तिमाहीपुरतं करून बघू, म्हणाले. चौकटराव बाहेर पडताना दारात थांबले आणि त्यांनी आत्यासाठी दार धरलं. ते नंतर दुसऱ्या विलीनीकरणावर गेले. त्यांचा एक निरोप आला होता, खाली "बरोबर?" शिवाय.

टेबल राहिलं. पुठ्ठ्याची घडी काढून पायाला रबराचा बूट घातला. थोरलीचे मेकॅनिक आले, आधी भिंतीला टेकून उभे राहायचे, आता बसतात. खांबाजवळची जागा पहिले काही दिवस रिकामी राहिली, जशी आत्याच्या रजेच्या दिवशी राहायची. मग एक दिवस तिथे कुणीतरी बसलं. कोण, ते आत्याला माहीत नाही, कारण हॉलचं दार आता चहाच्या वेळी बंद असतं. तसं तिनंच लिहिलं होतं.

सकाळी ती आपला कप घेऊन त्या बंद दारावरून तिच्या खोलीत जाते. दाराआडून हसू येतं, मधेच शांतता येते, मग कुणीतरी हळू बोलत असतं आणि मग खूप जण एकदम. थोरले मिस्त्री जिन्यात भेटले की "ताई, बरं आहे ना" म्हणतात. आत्या "बरं आहे" म्हणते. दोघंही आपापल्या पायरीवर जरा जास्तच वेळ थांबतात, मग चालू लागतात. पहिल्या फेरीत दुरुस्त होणाऱ्या लिफ्ट वाढल्या आहेत, हे तिनं आम्हाला भाजी वाढून घेताना सांगितलं, जसं कुणी पलीकडच्या गल्लीतल्या लग्नाचं सांगतं.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, "ते टेबल कर ना. सगळे कर."

मी केले. मिस्त्री केले, हनुवटी खाली घेऊन. गोगलगाय केला, एकच गोष्ट दोनदा पहिल्यापासून. फोनवाली केली, मालक केले, सासू लिफ्टही केली. आई हसली, आजी हसली. आत्या डोळे मिटून ऐकत होती, मांडीवर हात, खांब असावा तशी पाठ भिंतीला.

"छान," ती म्हणाली. "पण हे जुनं झालं गं. आता तिथे थोरलीचे लोक आहेत. ते काय बोलतात, कसे बोलतात, कुणाचा आवाज कसा..." ती थांबली. "ते तुला कसे येणार? मलाच येत नाहीत."

मग तिनं चपला घातल्या. बाबा कोपऱ्यापर्यंत सोडायला निघाले, तर म्हणाली, "नको दादा, जाते मी. सवय आहे."